पीठ दाखवतो, पाठ नाही! : दोन भाषांतली कोटी जमवायची कशी?

मागच्या व्हिडिओत जाहिरातीच्या हेडलाइनबद्दल बोललो, तेव्हा एक उदाहरण वेळेअभावी राहून गेलं. ते आज सविस्तर सांगतो.

अकोला-वाशिम रस्त्यावरच्या पातूरमधल्या एका ताईंनी पिठाची पाकिटं विकायला सुरुवात केली. गहू, ज्वारी आणि बेसन. माल डोळ्यासमोर दळून देणार, पाकीट उघडून दाखवणार. म्हणून त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्ट टाकली: "आम्ही पीठ दाखवतो!" दोन दिवसांनी फोन आला. "सर, लोक हासून राह्यले, पन घेऊन नाही राह्यले."

का हसले? आपल्या पातुरात घरात वऱ्हाडी आणि बाजारात हिंदी-उर्दू, असं दोन्ही चालतं. मराठीत पीठ म्हणजे दळलेलं धान्य. हिंदी-उर्दूत पीठ म्हणजे पाठ, आणि 'पीठ दिखाना' म्हणजे मैदान सोडून पळणं! एका गिऱ्हाइकाने तर विचारलंच, "दीदी, धंदा शुरू करते ही भाग रहे क्या?"

माझं स्पष्ट मत आहे: दोन्ही भाषा कळणारा माणूस दोन्ही अर्थ एकदमच वाचतो. "मला तसं म्हणायचं नव्हतं" हे सांगायला तुम्ही तिथे नसता. म्हणून दुसरा अर्थ आधी तपासायचा. तो नुसता निरुपद्रवी असून भागत नाही, तो तुमच्या मालाच्या बाजूने बोलला पाहिजे.

मग आम्ही पोस्ट पुन्हा लिहायला बसलो. पहिला प्रयत्न: "आमच्या पिठाला तोड नाही." वाक्य बरं आहे, पण कोटी मेली. मराठीत प्रत्यय लागला की 'पीठ'चं 'पिठा' होतं, हिंदीत मात्र 'पीठ को', 'पीठ का' असंच राहतं. म्हणजे ज्या शब्दावर खेळ आहे, तो मूळ रूपातच ठेवावा लागतो.

दुसरा प्रयत्न: "पीठ दाखवतो, पण पळत नाही!" ज्याला दोन्ही भाषा येतात तो खूश. पण ताईंच्या सासूबाई म्हणाल्या, "पीठ दाखवून कायले पळतीन कोनी?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. ज्याला एकच भाषा येते, त्याच्यासाठीही वाक्य सरळ उभं राहायला हवं.

तिसऱ्यांदा जमलं: "पीठ दाखवतो, पाठ नाही!" फक्त मराठी वाचणाऱ्याला पीठ-पाठचा नाद मिळतो आणि अर्थही कळतो: माल उघडून दाखवू, तक्रार आली तर पाठ फिरवणार नाही. ज्याला हिंदीही येते त्याला कळतं की या 'पीठ'चाच एक अर्थ 'पाठ' आहे. तो वरचं हसू घेऊन जातो.

फक्त हिंदी कळणाऱ्याचं काय? त्याला ही ओळ कळणार नाही, कारण हिंदीत 'पाठ' म्हणजे धडा. म्हणून खाली साधी ओळ टाकली: "ताजा आटा: गेहूं, ज्वार, बेसन. पसंद नहीं आया तो पैकेट वापस." सोबत उघड्या पाकिटाचा फोटो. 1966 पासून चाललेल्या अमूलच्या 'त्या' मुलीच्या जाहिराती आठवा. हिंदी-इंग्रजीची कोटी कळली नाही तरी लोणी दिसतंच.

आता तपासणी. पोस्ट टाकण्याआधी तीन जणांना दाखवा: एक फक्त मराठीवाला, एक हिंदी-उर्दूवाला, एक दोन्हीवाला. "आवडलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, "काय विकतोय आणि काय कबूल करतोय?" पहिल्याला आणि तिसऱ्याला हेडलाइनवरून, दुसऱ्याला निदान खालच्या ओळीवरून उत्तर देता आलं पाहिजे. कोटी समजावून सांगावी लागली, तर ती काढून टाका.

घरपोच सेवा सुरू झाली की ताईंसाठी दुसरी ओळ तयार आहे: "आटा हवा, आटापिटा कशाला?" इथेही 'आटा' मूळ रूपातच आहे. 'आट्यासाठी' लिहिलं असतं, तर अर्धी मजा गेली असती.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. कोटी पोस्टवर आणि बोर्डवर ठीक आहे, पाकिटावर नको. तिथे "ज्वारीचं पीठ" एवढंच स्वच्छ लिहा. आणि "पाठ नाही" असं लिहिलंय ना? मग पहिलं पाकीट परत आलं की हसत परत घ्यायचं. त्या दिवशी पाठ दाखवली, तर लोक तुमचीच हेडलाइन तुम्हाला हिंदीत वाचून दाखवतील.

तुमच्या धंद्यातला असा दोन अर्थांचा शब्द कोणता? कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत त्याच्यावर बसू.