"तो खरा आहे का?" हा प्रश्नच चुकलाय

गेल्या महिन्यात माझ्या मैत्रिणीने तीन नाणी टाकून 'यी चिंग' या जुन्या चिनी ग्रंथाला विचारलं, "तो माझ्याशी प्रामाणिक आहे का?" ओळख जेमतेम दोन महिन्यांची. आकृती निघाली एकसष्टावी, 'चुंग फू', म्हणजे अंतरीचं सत्य. "बघ, खरा आहे तो!" म्हणत ती नाचलीच. माझं मत वेगळं आहे.

छापाला तीन, काट्याला दोन धरून प्रत्येक वेळी बेरीज करायची आणि खालून वर सहा रेघा मांडायच्या. सात आले तर अखंड रेघ, आठ आले तर तुटक. सहा आणि नऊ मात्र बदलत्या रेघा. वाचन मुख्यतः त्यांच्यावर टेकतं. तिला आले सात, सात, सहा, आठ, सात, सात. म्हणजे बाहेरच्या चार रेघा अखंड, मधल्या दोन तुटक. खाली सरोवर, वर वारा. मध्यभागी आकृती पोकळ आहे, आणि परंपरा त्या पोकळीलाच महत्त्व देते: मन आधीच ठरवून भरलेलं नसेल तरच समोरच्याचं सत्य आत येतं.

नावावर थांबलं की चूक होते. तिची बदलती रेघ तिसरी. तिथला माणूस जोडीदार भेटताच कधी ढोल बडवतो, कधी थांबतो, कधी रडतो, कधी गातो. 'जोडीदार' म्हणून वाचला जाणारा मूळ चिनी शब्द 'प्रतिस्पर्धी' असाही वाचता येतो. त्याच्या आधीच्या, दुसऱ्या रेघेत सावलीतली क्रौंची साद घालते आणि पिल्लू आपसूक ओ देतं. तिथे कुणी कुणाला तपासत नाही. तिसऱ्या रेघेत मात्र स्वतःचा तोलच दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो.

मी तिला एवढंच विचारलं, "त्याचा रिप्लाय उशिरा आला की तुझं काय होतं?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, हे तर माझंच वर्णन आहे."

तिसरी रेघ बदलली की नववी आकृती होते: ढग दाटलेत, पण पाऊस नाही. 'लग्न ठरवा' किंवा 'तोडून टाका' असं ती सांगत नाही. एवढ्यात मोठा निकाल लागणार नाही, लहान गोष्टी नीट करा, इतकंच तिचं म्हणणं.

मी कॅथलिक आहे; नाण्यांवरून भविष्य बघणं मला मान्य नाही. पण या ग्रंथाचे अनुवादक जेम्स लेग आणि रिचर्ड विल्हेल्म दोघंही मिशनरीच होते, आणि त्यांनी तो विचारांचा ग्रंथ म्हणून मन लावून वाचला. तसा वाचला तर ही आकृती त्या मुलाबद्दल काहीच सिद्ध करत नाही. तो खरा की खोटा, हे त्याच्या वागण्यातूनच कळेल. आकृती विचारते ते विचारणाऱ्यालाच: तू स्वतः त्याला खरं काय सांगितलंस?

मैत्रिणीने अजून त्याला सांगितलेलं नाही की तिला भीती वाटते. माझ्या मते सुरुवात तिथून व्हावी.