पान पुन्हा मेण तयार करते, रंग करत नाही

क्षणभंगुर गोष्टीला मराठीत ‘अळवावरचे पाणी’ म्हणतात. पान ओले न करता थेंब घरंगळतो, हे पिढ्यानपिढ्या सर्वांनी पाहिलेले आहे. त्यामागचे कारण जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शोधले. स्वच्छ राहणारी पाने गुळगुळीत असतील असे वाटते. प्रत्यक्षात ती खडबडीत असतात. कमळाच्या पानावर मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाच्या कितीतरी बारीक नळ्या. थेंब केवळ त्यांच्या टोकांवर टेकतो. खालच्या फटींत हवा असते. घरंगळताना तो धूळही सोबत नेतो. अळवाचे पानही असेच कोरडे राहते.

या तत्त्वावर १९९९ मध्ये इमारतींच्या बाह्यभिंतींसाठी रंग बाजारात आला. पुढे कापड, काच, बूट यांच्यासाठीही असे लेप निघाले. पण निसर्गाकडून उसनी घेतलेली कल्पना प्रत्येक वस्तूला मानवतेच असे नाही.

याची परीक्षा स्वयंपाकघरात होते. वडीसाठी आणलेल्या अळवाच्या पानावर अंगठा जोरात घासावा आणि तिथे पाणी टाकावे. थेंब घरंगळत नाही, चिकटतो. कारण मेणाची रचना चेपली गेलेली असते. साबणाचे पाणीही पसरते. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते फटींत शिरते. झाडावरचे वाढते पान मेण पुन्हा तयार करू शकते. कापडावरचा लेप एकदा झिजला की संपला.

म्हणूनच हा लेप भिंतीला शोभतो. तिथे पाऊस पडतो, पण कुणी रोज घासत नाही. सोफ्याचे कापड, बूट किंवा मोबाइलचा पडदा यांना रोजच घर्षण, घाम आणि तेलकट बोटे सोसावी लागतात. तिथे कमळाची नक्कल करणे म्हणजे चुकीचा गुरू निवडणे होय.

अशा ठिकाणी कीटकभक्षी घटपर्णी अधिक उपयोगी ठरू शकते. तिची कड ओली असते आणि त्या ओलाव्यावरून कीटक घसरतो. हार्वर्ड विद्यापीठातील जोआना आयझेनबर्ग यांच्या गटाने २०११ मध्ये सच्छिद्र पदार्थात वंगण मुरवून असा पृष्ठभाग बनवला. त्यावर ओरखडा पडला तर वंगण वाहत येऊन तो बुजवते. रक्तही त्यावर सहज चिकटत नाही, म्हणून वैद्यकीय नळ्यांसाठी त्याचा विचार होतो. अर्थात वंगण हळूहळू संपते, ही त्याची मर्यादा.

पानाची रचना उचलताना संशोधकांनी आणि उत्पादकांनी आधी दोन प्रश्न विचारायला हवेत: हे पान कोणत्या परिस्थितीत जगते आणि झिजल्यावर स्वतःची दुरुस्ती कशी करते? ‘कधीच न मळणारी’ वस्तू घेणाऱ्या ग्राहकानेही विचारावे, किती धुण्यांनंतर?