धृपद म्हणजे "वरीलप्रमाणे" नव्हे!

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, मुलांच्या वहीत उतरवलेली कविता कधी नीट पाहिलीत का? पहिल्या कडव्यानंतर धृपद पूर्ण लिहिलेलं असतं. पुढे मात्र नुसतं ॥धृ॥. मुलांच्या लेखी त्याचा अर्थ एकच : तेच ते, पुढे चला. आपणही वर्गात तसंच शिकवतो. कडव्याचा अर्थ सांगतो आणि धृपद सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणून घेतो. कथा सांगणाऱ्या कवितेत ही मोठी चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुसुमाग्रजांचं ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ घ्या. लताबाईंच्या आवाजामुळे ते घरोघरी पोचलंय. मागची घटना २४ फेब्रुवारी १६७४ ची. गडहिंग्लजजवळच्या नेसरीच्या खिंडीत सरनौबत प्रतापराव गुजर मोजक्या साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सगळे मारले गेले.

शीर्षकाची ओळ हेच धृपद. त्यातला एक शब्दही शेवटपर्यंत बदलत नाही. मग बदलतं काय? पहिल्यांदा ती ओळ येते तेव्हा अजून कोणी दौडलेलंच नसतं! कडव्यात आहे फक्त राजांच्या पत्राचा बोचरा मजकूर, फौज पळाली म्हणून. तरीही धृपदात क्रियापद भूतकाळी : ‘दौडले’. म्हणजे शेवट आधीच कळला. आता ऐकणाऱ्याला उत्सुकता राहते ती एवढीच, की हे वेड कसलं आणि हे सात कोण?

पत्रातलं अक्षर न् अक्षर सरदाराला जाळत जातं, भुवया चढतात, डोळे ओले होतात, तलवार म्यानातून उसळते. या कडव्यांनंतर तीच ओळ म्हणा. ‘वेड’ म्हणजे आता अपमानाची आग. मग सरदार एकटाच निघतो आणि सहा जण पाठोपाठ उठतात. एक अधिक सहा. तोवर नुसता आकडा असलेला ‘सात’ इथे माणसांचा होतो, आणि ‘वेड’ आता एकट्याचं राहत नाही, त्यात सोबत्यांची निष्ठा मिसळते. पुढे सातही जण गर्दीत दिसेनासे होतात. त्यानंतरच्या धृपदात ‘सात’ म्हणजे गेलेले सात.

हे घडवायला कवीनं यमकाचीही मदत घेतलीय. प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ ‘सात’शी जुळते, पण जोडीदार दरवेळी नवा : आधी रात, मग तलवारीची पात, पुढे दर्यात, वणव्यात आणि अखेरीस गात. धृपद तेच, शेजारी बदलला. त्या शेजाऱ्याची सावली ‘सात’वर पडते. मुलांना हे यमक-शब्द ओळीनं फळ्यावर लिहायला लावा. अख्खी गोष्ट तिथे दिसते.

शेवटचं कडवं तर वेगळंच. लढाई केव्हाच संपलीय, माळावर खुणा उरल्यात आणि कुणीतरी अजून शोकगीत गातंय. काय गातंय? लगेच येणारी ओळ धृपदाचीच! म्हणजे इतका वेळ आपण जे म्हणत होतो, ते त्या गाणाऱ्याचंच गाणं होतं, असं मला वाटतं. ‘दौडले’ हा भूतकाळ इथे खरा ठरतो.

आता आपल्या वर्गातलं चित्र. मुलं आठही वेळा ती ओळ सारख्याच आवेशात ओरडतात, शेवटी तर सर्वांत मोठ्यानं. माझ्या वर्गात एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, बाकीचे का नाही गेले?" मी तेव्हा "पुढे वाच" म्हटलं. आज वाईट वाटतं. कवितेतही मागे राहिलेली फौज थक्क होऊन पाहत राहते. ‘वेड’ या शब्दात कौतुक आहे तशी हळहळही आहे, आणि पोरीचं बोट नेमकं त्यावर होतं. फक्त जयघोष केला तर हळहळ हरवते.

अर्थात प्रत्येक धृपद असं वाढत नाही. पोवाड्यात झीलकरी ‘जी जी’ करतात ते ताल धरायला आणि शाहिराला दम घ्यायला. त्यात अर्थ शोधत बसू नये. ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या आणि शेवटच्या कडव्यानंतर धृपद एकाच सुरात म्हणून बघा. काही खटकलं नाही, तर ते तालासाठी. जीभ अडखळली, तर ते अर्थासाठी.

माझा आग्रह एवढाच : अशी कविता असेल तेव्हा वहीत ॥धृ॥ चालवून घेऊ नका. ओळ दरवेळी पूर्ण लिहायला लावा आणि समोर एक शब्द : आत्ता ‘वेड’ म्हणजे काय? शेवटचं धृपद मात्र हळू आवाजात म्हणायला सांगा. वर्ग आपोआप शांत होतो.