गोळी आधी, ऑम्लेट नंतर!

ल्यूसिन, आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन. जिममध्ये घाम गाळणाऱ्या मंडळींना ही तीन नावं तोंडपाठ असतात. प्रोटीनच्या डब्यावर ठळक अक्षरांत ‘बीसीएए’ असं लिहिलेलं असतं ना, ते हेच त्रिकूट. मसल्ससाठी एकदम झकास! पण घरात कुणाला पार्किन्सन्स असेल आणि त्यासाठी लेव्होडोपाची गोळी चालू असेल, तर हेच त्रिकूट त्या गोळीच्या वाटेत आडवं येऊ शकतं.

म्हणजे कसं, तर तुम्ही प्रेमाने बाबांच्या दुधात व्हे प्रोटीनचा एक स्कूप टाकता. “बाबा, जरा प्रोटीन वाढवा, ताकद येईल,” असं सांगून ऑफिस गाठता. आणि तासाभराने बाबांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. शर्टाची बटणं लागत नाहीत, खुर्चीतून उठवत नाही. घरात सगळ्यांना वाटतं, आजार वाढला. खरं तर आजार काल होता तिथेच असतो. गोळीही पोटात गेलेली असते, रक्तातही पोचलेली असते. ती अडकलेली असते मेंदूच्या दाराबाहेर, लाइनमध्ये!

दारावरची गर्दी

पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या खोल भागातल्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. डोपामिन कमी पडलं की हालचाली मंदावतात, अंग ताठरतं, हात थरथरतो. मग सरळ डोपामिनच का देत नाहीत? कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातल्या बहुतेक गोष्टी त्यातून आत जाऊच शकत नाहीत. हीच ती ब्लड-ब्रेन बॅरिअर. डोपामिनला इथे प्रवेश नाही.

लेव्होडोपाला मात्र आहे. कारण ते मुळात एक अमिनो आम्ल आहे, म्हणजे प्रोटीनच्या विटांच्या जातकुळीतलं. मेंदूला काही अमिनो आम्लं हवीच असतात. ती आत घेण्यासाठी भिंतीत खास वाहक असतात. त्यातल्या एकाचं नाव लॅट-वन. लेव्होडोपा याच वाहकावर बसून आत शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं.

लॅट-वनचं काम एखाद्या ऑफिसच्या फिरत्या दारासारखं चालतं. एक रेणू आत आला की एक बाहेर जातो. आणि या दाराने आत येऊ पाहणारं लेव्होडोपा एकटं नसतं. ल्यूसिन, आयसोल्यूसिन, व्हॅलिन, फेनिलॲलनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन अशी मोठी मंडळी त्याच दाराशी उभी असतात. रक्तात त्यांची संख्या लेव्होडोपापेक्षा कितीतरी पट जास्त असते. त्यात हे दार उपाशीपोटीसुद्धा जवळपास फुल असतं. शरीरात इतरत्र अमिनो आम्लांच्या वाहकांवर बऱ्यापैकी जागा रिकामी असते, मेंदूच्या दारात ती नसते. त्यामुळे चिकन, पनीर किंवा व्हे पचून रक्तात अमिनो आम्लांची लाट आली की लेव्होडोपाचा नंबर मागे जातो. आणि त्याला थांबायला वेळ नसतो. रक्तातलं त्याचं प्रमाण तास-दीड तासात निम्म्यावर येतं. लाट ओसरेपर्यंत डोस संपलेला!

पोर्टलंडचा तो प्रयोग

“हे सगळं पोटातच होत असेल. जेवणामुळे गोळी उशिरा विरघळत असेल,” अशी शंका कुणालाही येईल. ती चुकीचीही नाही. भरल्या पोटी जठर उशिरा रिकामं होतं आणि लेव्होडोपा शोषलं जातं ते त्यापुढच्या लहान आतड्यात. मग पोटाचा दोष किती आणि मेंदूच्या दाराचा किती, हे वेगळं कसं काढायचं?

अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड इथे डॉ. जॉन नट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून दाखवलं. १९८४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. पेशंट होते ९, सगळे ‘ऑन-ऑफ’वाले. म्हणजे गोळी चढली की हिंडते-फिरते आणि उतरली की जागच्या जागी थिजलेले.

आधी त्यांनी तोंडाने दिलेली गोळी तपासली. जेवणासोबत घेतल्यावर रक्तातली तिची सर्वोच्च पातळी २९ टक्क्यांनी घटली आणि शोषण ३४ मिनिटांनी लांबलं. हा झाला पोटाचा वाटा.

मग खरी गंमत. त्यांनी पोटाला बायपासच केलं. लेव्होडोपा सलाइनसारखं थेट शिरेतून, सतत आणि एका संथ गतीने दिलं. रक्तातली पातळी स्थिर राहिली आणि ६ पेशंट तब्बल १२ तास छान स्थिर राहिले. एरवी दिवसातून अनेकदा ‘बंद’ पडणारी ही माणसं!

याच अवस्थेत त्यांना भरपूर प्रोटीनचं जेवण दिलं. औषधाचा परिणाम ओसरला, अंग पुन्हा ताठरलं. आणि रक्तातलं लेव्होडोपा? ते जराही कमी झालेलं नव्हतं! औषध रक्तात होतं, मेंदूला मात्र मिळत नव्हतं.

शेवटची खातरजमाही झकास होती. जेवणाऐवजी त्यांनी एकेक सुटं अमिनो आम्ल दिलं, वजनाच्या दर किलोमागे १०० मिलिग्रॅम. फेनिलॲलनिन, ल्यूसिन किंवा आयसोल्यूसिन दिल्यावर परिणाम ओसरला. ग्लायसिन आणि लायसिन तेवढ्याच प्रमाणात दिलं, तर काहीच झालं नाही. का? कारण ही दोघं लॅट-वनच्या दाराने जातच नाहीत. प्रश्न सगळ्या प्रोटीनचा नव्हताच, तो एकाच दारातल्या गर्दीचा होता.

म्हणूनच पोटाला वळसा घालणाऱ्या आजच्या उपायांनाही मेंदूच्या दाराची लाइन चुकत नाही. लेव्होडोपाचं विरघळणारं रूप त्वचेखाली सतत सोडणाऱ्या पंपाला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याने जठराची कटकट मिटते. पण रक्तातून मेंदूत जायचा रस्ता तोच आहे.

काकांचं टाइमटेबल

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एक काका आहेत, वय ६८, वजन ६० किलो. आजार सात-आठ वर्षांचा. गोळ्या सकाळी ७, ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ वाजता. सकाळची गोळी ते नाश्त्यासोबत घेतात. नाश्त्याला दोन उकडलेली अंडी आणि दुधात एक स्कूप व्हे. अंड्यांतून साधारण १२ ग्रॅम, पेलाभर दुधातून ६ आणि स्कूपमधून २४. झाले ४२ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे दिवसभराच्या गरजेचा मोठा हिस्सा एकाच फटक्यात. दीड वाजता जेवणात वरण, दही आणि चिकन. ११ ची गोळी छान चालते. ७ ची अर्धवट चढते आणि ३ ची चढतच नाही.

घरच्यांनी तीन-चार दिवस साधी डायरी ठेवली तर हे दिसतं. गोळीची वेळ, खाण्याची वेळ, काय खाल्लं आणि दर अर्ध्या तासाला काकांची अवस्था: चालू, बंद की अंग नको तसं वळवळतंय. मग पॅटर्न वाचायचा. प्रोटीनच्या जेवणानंतरचीच गोळी फेल जात असेल, तर संशय दारावरच्या गर्दीवर. जेवण काहीही असो, पुढची गोळी जवळ आली की दर वेळी अंग जड होत असेल, तर डोसचा असर लवकर संपतोय. तो वेगळा प्रश्न आहे. आणि साधा वरणभात खाल्ला तरी गोळी उशिराच चढत असेल, तर जठर मंद आहे का, बद्धकोष्ठता आहे का, हे डॉक्टरांना विचारायचं.

काकांच्या बाबतीत पहिली पायरी सोपी. गोळी जेवणाच्या निदान अर्धा तास आधी, नाहीतर जेवणानंतर दीड-दोन तासांनी. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरी पायरी, म्हणजे दिवसभराचं बरंचसं प्रोटीन रात्रीच्या जेवणात सरकवायचं. ७ ला गोळी, पावणेआठला पोहे किंवा उपमा. दुपारी भाजी-भाकरी आणि थोडं वरण. अंडी आणि व्हे रात्री. दिवसाचं एकूण प्रोटीन ५० ग्रॅमच्या आसपास असू द्या. बदलायचंय ते घड्याळ. प्रोटीनच बंद केलं तर वजन आणि मसल्स दोन्ही घटतात आणि पार्किन्सन्समध्ये वजन तसंही उतरत असतं.

या फंड्याची किंमतही आहे. रात्री लाइन लांबते, त्यामुळे अंथरुणात कूस बदलणं अवघड जाऊ शकतं. आणि दिवसा दार मोकळं झाल्याने तीच गोळी जास्त लागू पडते, मग अंग वळवळायला लागतं. अशा वेळी डोस कमी करावा लागू शकतो. म्हणून ही दुसरी पायरी न्यूरॉलॉजिस्ट आणि आहारतज्ज्ञ यांना सांगूनच चढायची, इंटरनेटवर वाचून नाही.

सगळ्यांनाच लागू?

नाही. आजार नवा असेल तर बहुतेकांना जेवणाचा फरक जाणवतही नाही. उरलेल्या पेशी डोपामिन साठवून ठेवतात आणि जपून वापरतात, त्यामुळे एखादा डोस मागे पडला तरी निभावून जातं. पेशी कमी झाल्या की हा साठा आटतो आणि मग प्रत्येक गोळीचा हिशेब लागतो. उगाच पहिल्या दिवसापासून बाबांच्या ताटातलं अंडं उचलू नका! सुरुवातीला गोळीने मळमळ होत असेल, तर डॉक्टर ती दोन साध्या बिस्किटांबरोबर घ्यायला सांगतात. तेही चालतं, बिस्किटात प्रोटीन असतं किती!

तेव्हा पुढच्या वेळी दुपारी तीनला घरून फोन आला, “अरे, बाबांना आज गोळी लागूच पडली नाही,” तर डोस वाढवायचा विचार करण्याआधी एकच प्रश्न विचारा: “दुपारी जेवले काय आणि किती वाजता?”