प्रगतिपुस्तकांतील शेरा

सहामाही परीक्षेनंतर प्रगतिपुस्तक घरीं आलें, म्हणजे वडील मंडळी प्रथम गुण किंवा श्रेणी पाहतात आणि मग शेऱ्याच्या ओळीकडे वळतात. ती ओळ शिक्षक लिहितो, पण तिचे परिणाम घरांत भोगावे लागतात. म्हणून आमच्या वाचकांत जे शिक्षक आहेत आणि जे पालक आहेत, त्या उभयतांसाठीं आज या विषयाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत चौथीच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर "गणिताकडे अधिक लक्ष द्यावें" एवढाच शेरा आला. आजोबांनीं तो मनावर घेतला. रोज दिवेलागणीनंतर ते नातवाकडून तीसपर्यंतचे पाढे म्हणवून घेऊं लागले. दोन महिने हा क्रम चालला. मुलगा रडकुंडीस आला, आणि पुढच्या चाचणींत गुण कांहीं वाढले नाहींत; कारण पाढे त्याला पूर्वीपासूनच येत होते!

पुढें त्याची आत्या माहेरीं आली. ती स्वतः शिक्षिका असल्यानें तिनें वही उघडून पाहिली. ८५ मधून ३२ अशीं उदाहरणें सगळीं बरोबर होतीं. परंतु ४०३ मधून १५७ वजा करतांना त्यानें ३५४ हें उत्तर लिहिलें होतें. तीनांतून सात जात नाहींत, म्हणून त्यानें सातांतूनच तीन काढले; शून्यांतून पांच जात नाहींत, म्हणून पांच तसेच खालीं उतरविले. हातच्याच्या प्रत्येक उदाहरणांत हीच तऱ्हा. निष्काळजीपणाची चूक आज एके ठिकाणीं, तर उद्यां दुसऱ्या ठिकाणीं होते. समजुतींतली चूक पुनःपुन्हा त्याच जागीं होते. ही दुसऱ्या जातीची होती, आणि तिच्यावर "लक्ष द्यावें" हा उपाय नव्हे.

आत्यानें त्याच्यापुढें शंभराच्या चार नोटा आणि तीन सुटे रुपये ठेविले. एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा घेतल्या. त्यांतली एक मोडून दहा रुपये सुटे केले. आतां शंभराच्या तीन, दहाच्या नऊ आणि सुटे तेरा रुपये झाले. त्यांतून १५७ देऊन २४६ उरले, हें मुलानें स्वतः मोजून पाहिलें.

मग तो शेरा कसा असावयास हवा होता? आमच्या मतें असा: "पाढे व बिनहातच्याची वजाबाकी अचूक. हातचा घ्यावा लागला, कीं मोठ्या अंकांतून लहान अंक काढतो. नोटा मोडून रोज दोन उदाहरणें करून घ्यावीं." यांत उणीव लपविलेली नाहीं, पण मुलाला काय येतें, तो नेमका कोठें अडतो आणि घरीं काय करावें, हीं तिन्ही सांगितलेलीं आहेत. धीर देण्यासाठीं वेगळे गोड शब्द घालण्याची गरजच राहत नाहीं. "मंद", "आळशी" असे शब्द मात्र वर्ज्य समजावे. ते मुलाच्या कामाविषयीं कांहीं सांगत नाहींत, आणि घरांत चिकटले म्हणजे सुटत नाहींत.

त्याच वर्गांत सगळीं उदाहरणें बरोबर सोडविणारी मुलगीहि असते. तिला "उत्तम" म्हणून मोकळें होणें हेंहि प्रामाणिकपणाचें नव्हे. "रीत अचूक, पण उत्तर बेरजेनें पडताळून पाहत नाहीं, तशी संवय लावावी," असें लिहिलें तर तिलाहि पुढचें पाऊल दिसतें. मुलाची तुलना दुसऱ्या मुलाशीं न करतां त्याच्याच जूनमधील वहीशीं करावी, म्हणजे हुशार आणि कच्चें या दोघांनाहि एकच न्याय मिळतो.

खरी अडचण येते ती मधल्या मुलांची. तीं दंगा करीत नाहींत आणि बक्षिसेंहि मिळवीत नाहींत; शेरा लिहावयास बसलें, कीं त्यांच्याविषयीं कांहींच आठवत नाहीं. महाराष्ट्रांत २०१० सालीं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालें, त्यांत वर्षभर वर्णनात्मक नोंदी ठेवण्याची अपेक्षा होती ती याचसाठीं. नोंदी ऐन वेळीं तयार यादींतून उतरविल्या, तर तो हेतु फुकट जातो. यावर आत्याची युक्ति साधी आहे: रोज पांचच मुलांच्या वह्या पाहून प्रत्येकाविषयीं एक ओळ टिपावयाची. चाळीस मुलांचा वर्ग आठ दिवसांत पुरा होतो, आणि कोणाचें पान कोरें राहिलें तेंहि कळतें.

लिहून झाल्यावर शेऱ्यावरील नांव झांकून पाहावें. तो वर्गांतल्या दुसऱ्या दहा मुलांनाहि लागू पडत असेल, तर तो पुन्हा लिहावा. आणि पालकांनींहि मोघम शेरा आला तर पाढे सुरू करण्यापूर्वीं वही घेऊन शाळेंत जावें आणि एवढेंच विचारावें, "कोणत्या उदाहरणांत चुकतो, तें दाखवाल का?"