आठवड्याला साडेचार हजार, मग महिन्याला किती? विश्रांतवाडीच्या कामावर जाणाऱ्यांनी करार वाचताना हे बघा

खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूरकडची बरीच पोरं पुण्यात विश्रांतवाडी, धानोरी, कळस भागात कामाला जातात. काही ठिकाणी आता तोंडी बोलीऐवजी मुदतीचा करार हातात देतात आणि त्यात पगार आठवड्याचा लिहिलेला असतो. गावी फोनवर सांगताना मात्र तो महिन्याचा करून सांगावा लागतो. गडबड तिथंच होते.

समजा करार २६ आठवड्यांचा आहे. सोमवार १ जून २०२६ ला सुरू, रविवार २९ नोव्हेंबरला संपला. आठवड्याला ४,५०० रुपये, पगार शनिवारी. एक जण म्हणतो, महिन्याचे चार आठवडे, म्हणजे १८,०००. दुसरा म्हणतो, महिना ३०-३१ दिवसांचा, पाच आठवडे धरा, २२,५००. दोघांचंही चुकतं. वर्षाचे ५२ आठवडे १२ महिन्यांत वाटले तर महिन्याला सव्वाचारपेक्षा थोडे जास्त आठवडे येतात. म्हणून ४,५०० ला ५२ ने गुणायचं आणि १२ ने भागायचं. येतात १९,५००. हा सरासरी महिना झाला.

खरी फसगत होते ती महिन्याच्या सांध्यावरच्या आठवड्यात. २९ जून ते ५ जुलै हा आठवडा बघा. दोन दिवस जूनचे, पाच जुलैचे. जूनचा हिशेब करणारा तो जूनमध्ये धरतो आणि पुढच्या महिन्यात तोच जुलैमध्येही धरतो. या करारात असे पाच आठवडे आहेत. कॅलेंडरवर प्रत्येक महिन्याला स्पर्श करणारे आठवडे मोजले तर जूनचे पाच, जुलैचे पाच, ऑगस्टचे तर सहा, पुढं तीन महिने पाच-पाच. बेरीज ३१! करार तर २६ चाच आहे. म्हणजे २२,५०० रुपये कागदावरच वाढले, हातात येणार नाहीत. आणि त्या भरवशावर कुणी सोसायटीचा हप्ता ठरवला असेल तर नोव्हेंबरात भांडण ठरलेलं.

यावर उपाय सोपा आहे. आठवडा दिवसांवरून मोजायचाच नाही, पगाराच्या शनिवारावरून मोजायचा. शनिवार ज्या महिन्यात, आठवडा त्या महिन्याचा. मोबाईलच्या कॅलेंडरात शनिवार बघा. जून, जुलै, सप्टेंबर आणि नोव्हेंबरला चार-चार, ऑगस्ट आणि ऑक्टोबरला पाच-पाच. बेरीज बरोबर २६, रक्कम १,१७,०००. बेरीज कराराच्या आठवड्यांशी जुळली नाही, तर कुठला तरी आठवडा दोनदा धरलाय किंवा सुटलाय. कराराचे आठवडेही तपासा. पहिल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंतचे दिवस मोजून ७ ने भागा. इथं १८२ दिवस, म्हणजे २६.

यंदा १५ ऑगस्ट शनिवारीच आहे. पगार शुक्रवारी मिळाला तरी आठवडा एकच. सुट्टीचा पगार वेगळा दाखवून आणखी एक आठवडा जोडू नका, तो या २६ मध्येच बसलेला आहे. तसंच मधल्या वारी उचललेल्या खर्चीचं. बुधवारी १,५०० खर्ची घेतली की शनिवारी ३,००० येतात. आठवडा ४,५०० चाच राहतो.

घरखर्चाला सरासरी १९,५०० पेक्षा १८,००० धरलेले बरे, कारण सहापैकी चार महिन्यांत हातात तेवढेच पडणार आहेत.

आता वर्षाचा हिशेब. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे गेल्यावर कुणी ४,५०० गुणिले ५२ करून २,३४,००० लिहितो. पण करार संपल्यावर पुढचे २६ आठवडे हा पगार नाहीच. मजुरीचं खरं उत्पन्न १,१७,०००. त्यात शेतीचे समजा ४०,००० मिळवले तर १,५७,००० होतात. चुकीच्या रीतीनं तेच २,७४,००० दिसतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर भारत सरकार शिष्यवृत्तीला पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. म्हणजे न मिळालेल्या पगारापायी लेकराची शिष्यवृत्ती जाऊ शकते. अर्थात उरलेल्या महिन्यांत दुसरीकडं काम केलं असेल तर ती मजुरीही यात दाखवावीच लागेल. दाखल्याला कराराची प्रत जोडा, म्हणजे मुदत दिसते.

दाखला १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाचा असतो, हेही ध्यानात ठेवा. हाच करार ३० नोव्हेंबर २०२६ ला सुरू झाला असता, तर ३१ मार्चपर्यंत १७ शनिवार येतात, म्हणजे ७६,५०० रुपये. उरलेले ९ शनिवार, ४०,५०० रुपये, पुढच्या वर्षाच्या दाखल्यात जातील.