महागाईही आणि मंदीही : मध्यवर्ती बँकेचे हात कोठे बांधले जातात?

वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर अधूनमधून ‘स्टॅगफ्लेशन’ हा शब्द येतो. ब्रिटनच्या संसदेत १९६५ साली इयन मॅक्लिऑड यांनी तो वापरला आणि तेव्हापासून तो रूढ झाला. त्याचा सरळ अर्थ असा की, धंदा थंडावलेला आहे, लोकांना काम नाही आणि तरीही भाव चढतच आहेत. मराठीत आपण त्याला मंदीतली महागाई म्हणू या.

एरवी हे दोन आजार एकत्र येत नाहीत. गिऱ्हाइकाच्या हाती पैसा असला की माल उठतो, कारागिराला काम मिळते आणि भाव वाढतात. पैसा आटला की माल पडून राहतो आणि भाव उतरतात. मध्यवर्ती बँकेचे औषध याच समजुतीवर बेतलेले आहे. महागाई वाढली की ती व्याजदर वाढविते, मंदी आली की कमी करते. परंतु दोन्ही आजार एकाच वेळी आले तर काय?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका चपला बनविणाऱ्या कारखानदाराला जोडामागे चामडे, सोल आणि सोल्यूशन यांना १०० रुपये लागतात. मजुरी ५० आणि इतर खर्च २० रुपये. तो २०० रुपयांना जोड विकतो आणि ३० रुपये नफा घेतो. आता कच्चा माल १०० चा १४० झाला. जोडाचा खर्च २१० वर गेला. जुन्या भावाने विकले तर दहा रुपये तोटा, म्हणून त्याने भाव २४० केला. पूर्वी १०० जोड खपत होते, आता ७० खपतात. दोन कारागीर घरी बसले. बाजारात भाव वाढला आणि त्याच कारणाने कामही गेले. सबंध देशात असेच घडले की ते स्टॅगफ्लेशन होय.

आता मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढविला तर गिऱ्हाईक आणखी हात आखडते आणि खप ७० वरून ५० वर येतो. पण कच्चा माल तुटवड्यामुळे महागलेला आहे, तो काही लगेच १०० वर येत नाही. उलट व्याजदर कमी केला तर मागणी वाढते, पण माल तेवढाच असल्याने १४० चा १६० होतो. बँकेच्या हाती लगाम एकच आहे आणि तो मागणीचा आहे. तिला चामडे कमावता येत नाही आणि तेलाची विहीरही खणता येत नाही.

हा प्रसंग अमेरिकेवर १९७० च्या दशकात खरोखरच ओढवला. १९७३ च्या ऑक्टोबरमधील अरब-इस्रायल युद्धाच्या वेळी अरब देशांनी अमेरिकेचे तेल रोखले. पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला भाव १९७४ च्या आरंभी अकरा डॉलरच्या वर गेला. त्या वर्षाच्या अखेरीस महागाई १२ टक्क्यांवर पोहोचली आणि मे १९७५ मध्ये बेकारी ९ टक्के झाली. मात्र दोष एकट्या तेलाचा नव्हता. महागाईची आग त्याआधीच धुमसत होती आणि १९७१ साली अध्यक्ष निक्सन यांना भाव व वेतन गोठविण्याचा हुकूम काढावा लागला होता.

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष त्या वेळी आर्थर बर्न्स होते. १९७४ च्या मध्यास तेथील व्याजदर सुमारे १३ टक्के झाला होता. पुढे बेकारी वाढताच तो खाली आणला गेला आणि वर्षभरात पाच-सहा टक्क्यांवर आला. महागाई १९७६ च्या अखेरीस पाच टक्क्यांच्या आसपास उतरली खरी, पण विझली नाही. दरम्यान लोकांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. भाव वाढणारच आणि बेकारी दिसली की बँक माघार घेणारच, असे प्रत्येकाला वाटू लागले. कामगाराने पुढच्या वर्षीच्या महागाईचा हिशेब धरून मजुरी मागितली, दुकानदाराने तीच मजुरी धरून भाव लावला. आता महागाईला तेलाचीही गरज राहिली नाही, ती स्वतःच्याच पायांवर चालू लागली.

इराणच्या क्रांतीनंतर १९७९ मध्ये तेलाचा दुसरा झटका बसला तेव्हा अंगात ताप होताच. मार्च १९८० मध्ये महागाई पावणेपंधरा टक्क्यांच्या जवळ गेली. ऑगस्ट १९७९ मध्ये अध्यक्ष झालेल्या पॉल व्होल्कर यांनी कडू औषध दिले. १९८० मध्ये तेही एकदा डगमगले आणि दर खाली आला. पण नंतर तो १९ टक्क्यांच्या घरात गेला आणि या वेळी महागाई मोडेपर्यंत त्यांनी लगाम सोडला नाही. १९८३ पर्यंत महागाई तीन टक्क्यांच्या आसपास आली. पण १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्के झाली होती. घरे बांधणाऱ्यांनी निषेध म्हणून लाकडाचे ठोकळे टपालाने बँकेकडे पाठविले आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन तिच्या दारात गेले.

या इतिहासावरून आमचे मत असे बनले आहे की, बर्न्स यांच्या काळातील धरसोड व्होल्कर यांच्या कठोरपणाहून अधिक महाग पडली. औषध अर्धवट सोडले म्हणून नंतर ते दुप्पट घ्यावे लागले. मात्र त्याची किंमत ज्यांनी मोजली ते निर्णय घेणारे नव्हते. येथे एक गैरसमजही दूर व्हावा. ‘आम्ही व्याजाचे कर्ज घेतच नाही, आम्हाला काय?’ असे आपल्यापैकी अनेकजण म्हणतील. पण आपला घाऊक खरेदीदार कर्जावर माल उचलतो आणि घर बांधणारा कर्जावरच सुताराला काम देतो. त्यांचा हात आखडला की फटका आपल्याच कामाला बसतो. म्हणून तुटवडा दूर करणे, म्हणजे माल, इंधन आणि वाहतूक यांचा मार्ग मोकळा करणे, हे काम सरकारचे आहे. ते न करता सारा भार व्याजदरावर टाकणे म्हणजे लहान माणसाकडून वसुली करणे होय.

बातमीतला प्रत्येक ‘स्टॅगफ्लेशन’ मात्र खरा मानू नये. जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई ९.१ टक्के होती, पण बेकारी चार टक्क्यांहूनही कमी होती. ती महागाई होती, मंदी नव्हती. ओळखण्याची खूण आपल्या वहीतच असते. भाव वाढत असताना मागणीही वाढत असेल तर तो नेहमीचा ताप. कच्चा माल महाग, तयार माल पडून आणि हे महिनोन्‌महिने चालू, असे असेल तर सावध व्हावे. आणि पुरवठादार पुढच्या वाढीचा अंदाज धरून आजच भाव सांगू लागले, तर समजावे की आता बँक सौम्य राहू शकणार नाही. अशा वेळी उधारी वाढवू नये.